नुसता बिलाचा फोटो आला, तर आधी काय करायचं?

प्रश्न: व्यापारी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता बिलाचा फोटो टाकतात, खाली एक शब्द नसतो. बेरीज तपासून हवी असते, जीएसटी बरोबर लागलाय का ते बघायचं असतं की टॅलीत नोंद करायची असते, काही कळत नाही. दरवेळी फोन केला तर ‘एवढं पण कळत नाही का’ म्हणतात. अशा वेळी काय करावं? (सांगली, कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी)

उत्तर: तपासणी न विचारता करा. नोंद मात्र विचारल्याशिवाय करू नका. तुमच्या प्रश्नातली तीन कामं एका वजनाची नाहीत, म्हणून हा फरक करायचा. बेरीज आणि कर तपासायला तीन-चार मिनिटं लागतात आणि त्यात काही बिघडत नाही. व्यापाऱ्याला तपासणी नको असली तरी त्याचं नुकसान होत नाही. चुकीची नोंद मात्र खरेदीत, स्टॉकमध्ये, पार्टीच्या बाकीत आणि जीएसटीच्या क्रेडिटमध्ये अशी चार ठिकाणी जाऊन बसते, आणि ती सापडते पार्टी बाकी मागायला आली की, नाहीतर वर्षअखेरीला.

फोन करायच्या आधी फोटो नीट बघा. निरोप नसला तरी कागद बरंच काही सांगतो. सगळ्यात आधी वरच्या बाजूला कुणाचं नाव छापलंय आणि ‘बिल टू’ खाली कुणाचं आहे ते पाहा. तुमचा व्यापारी खाली असेल तर ती खरेदी. तो वर असेल तर ते त्याचं स्वतःचं विक्रीचं बिल, आणि ते त्याच्या दुकानातल्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच चढलेलं असण्याची दाट शक्यता आहे. विक्रीचं बिल एकट्यानं आलं तर बहुतेक वेळा पार्टीला देण्याआधी ‘बरोबर आहे का बघा’ एवढंच म्हणायचं असतं. त्याची नोंद केलीत तर विक्री दुप्पट दिसेल.

मग कागदाचं शीर्षक वाचा. ‘टॅक्स इनव्हॉइस’ असेल तर पुढे जा. ‘प्रोफॉर्मा’, ‘कोटेशन’ किंवा ‘डिलिव्हरी चलन’ असेल तर नोंदीचा प्रश्नच येत नाही, खाली जीएसटी मांडलेला असला तरी. प्रोफॉर्मा दिसायला हुबेहूब बिलासारखा असतो, आणि खरेदीत सगळ्यात जास्त चुकून घुसणारा कागद तोच आहे. ‘बिल ऑफ सप्लाय’ असेल तर विकणारा कंपोझिशनमधला आहे किंवा माल करमाफ आहे. त्यावर कर वेगळा दाखवता येत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही.

कोपऱ्यातली बारीक अक्षरंसुद्धा वाचा. मालाच्या बिलाच्या तीन प्रती निघतात: एक घेणाऱ्यासाठी, एक वाहतूकदारासाठी, एक विकणाऱ्यासाठी. फोटोत ‘ट्रान्सपोर्टर’ असं लिहिलेली प्रत असेल तर टेम्पो अजून दारात उभा असण्याचा संभव आहे, आणि व्यापाऱ्याला उत्तर आत्ता हवंय. घेणाऱ्याची प्रत असेल, तिच्यावर माल मिळाल्याची सही असेल, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अशी दहा-बारा बिलं एका दमात आली असतील, तर ती नोंदीसाठीच आहेत. एकुलतं एक बिल सकाळी अकराला आलं, एकूण रकमेभोवती पेनानं गोल केलेला आहे, तर शंका रकमेची आहे. अडत दुकानातल्या दिवाणजींची सवय अशी की ज्या आकड्याला ते अडतात त्याच्याच बाजूला बारीक टिंब किंवा आडवी रेघ मारतात. अशा खुणा दिसायच्या तर फोटो मोठा करून बघावा लागतो.

आता तपासणी. फोटोवरून तपासताना पहिली अडचण हिशोबाची नसते, वाचण्याची असते. कार्बन प्रतीवर ३ आणि ८, १ आणि ७ सारखेच दिसतात. थर्मल कागदावर मधला आकडा पुसट होतो. अंदाजानं वाचू नका, करावरून उलटं काढा. समजा करपात्र रक्कम २६,८३० आहे की २६,८८० ते कळत नाही, पण बाजूला सीजीएसटी ९ टक्के २,४१९.२० स्पष्ट छापलंय. २,४१९.२० ला ०.०९ नं भागा, २६,८८० येतात. २६,८३० असते तर कर २,४१४.७० झाला असता. शंका मिटली, फोन वाचला. हीच युक्ती नगाच्या दराला लागू पडते: ओळीची रक्कम भागिले नग.

जीएसटी नंबरही असाच वाचता येतो, कारण त्याची ठेवण ठरलेली आहे. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे दहा पॅनचे, म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. तेरावी जागा त्या पॅनवरच्या नोंदणीच्या क्रमाची, चौदाव्या जागी साधारणपणे झेड, आणि पंधरावी तपासणीची. त्यामुळे तिसऱ्या ते सातव्या जागेवर शून्य असूच शकत नाही, तिथे ‘ओ’च असणार. आठव्या ते अकराव्या जागेवर ‘एस’ दिसला तर तो ५ आहे, ‘बी’ दिसला तर तो ८ आहे. वाचून झालं की जीएसटी पोर्टलवर Search Taxpayer मध्ये नंबर टाका. नाव जुळतंय का आणि नोंदणी चालू आहे का, दोन्ही कळतं. घेणाऱ्याचा नंबरही तपासा. आपल्याकडे एकाच दुकानाच्या पाटीखाली नवऱ्याच्या नावाची एक आणि बायकोच्या नावाची दुसरी अशा दोन फर्म चालतात, आणि बिल नेमकं कुणाच्या नंबरवर आहे हे फोटो पाठवणाऱ्यानं बघितलेलं नसतं.

बेरीज जुळली म्हणजे बिल बरोबर, असं समजू नका. बहुतेक बिलं आता सॉफ्टवेअरमधून निघतात, त्यामुळे बेरीज सहसा चुकत नाही. चूक असते ती कर कशावर लावला आणि कुठला लावला यात. एक बिल पूर्ण सोडवून दाखवतो.

मिरजेतलं पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान. माल बेळगावच्या विक्रेत्याकडून आला, दुकानाच्या स्वतःच्या टेम्पोतून. बिलावर तीन ओळी आहेत. पीव्हीसी पाइप ६० नग, दर ४१०, रक्कम २४,६००. पाइप चिकटवायचं सोल्युशन २४ डबे, दर ९५, रक्कम २,२८०. ठिबकची लॅटरल १२ बंडल, दर १,८५०, रक्कम २२,२००. बेरीज ४९,०८०. पहिल्या दोन ओळींवर १८ टक्के, लॅटरलवर ५ टक्के. खाली कर असा मांडलाय:

२६,८८० वर सीजीएसटी ९% २,४१९.२० आणि एसजीएसटी ९% २,४१९.२०
२२,२०० वर सीजीएसटी २.५% ५५५.०० आणि एसजीएसटी २.५% ५५५.००
करासह ५५,०२८.४०
वजा सूट (पाइपवर ५%) १,२३०.००
राउंड ऑफ वजा ०.४०
एकूण ५३,७९८

प्रत्येक गुणाकार बरोबर, प्रत्येक बेरीज बरोबर, अक्षरी रक्कमही जुळते. ठिबकचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तोही बरोबर लागलाय. ज्यानं फक्त बेरीज बघितली तो ‘ओके’ लिहून मोकळा होईल. पण या बिलात दोन चुका आहेत, एक लहान आणि एक मोठी.

लहान चूक सुटीची. सूट बिलावरच दाखवलेली असेल तर ती करपात्र रकमेतून आधी वजा व्हायला हवी आणि उरलेल्यावर कर लागायला हवा. इथे आधी पूर्ण रकमेवर कर लावला आणि सूट तळाला वजा केली. पाइपची रक्कम खरी २३,३७० हवी होती. १,२३० वर १८ टक्क्यांनी २२१.४० रुपये कर जास्त आकारला गेला. ज्याला क्रेडिट मिळतं त्याचे एवढे पैसे बुडत नाहीत, नुसते अडकतात. पण घेणारा कंपोझिशनमधला असेल तर ते २२१ रुपये सरळ खिशातून गेले. सूट कुठल्या ओळीवर बसलीय ही गोष्ट म्हणून दरवेळी पाहायची: कराच्या वर की कराच्या खाली.

मोठी चूक कराच्या विभागणीची. विकणाऱ्याचा नंबर २९ नं सुरू होतो, म्हणजे कर्नाटक. घेणाऱ्याचा २७ नं, म्हणजे महाराष्ट्र. माल मिरजेला आला. तर इथे आयजीएसटी लागायला हवा होता, सीजीएसटी-एसजीएसटी नाही. बेळगाव, निपाणी, अथणी, विजापूर ही गावं सांगली-मिरजेच्या बाजारपेठेला रोजची. अंतर कमी म्हणून विकणाराही ‘लोकल’ समजून बिल करतो. कधी सॉफ्टवेअरमध्ये पार्टीचं राज्य भरायचं राहून गेलेलं असतं आणि ते आपोआप विकणाऱ्याचंच राज्य धरतं. कधी युक्तिवाद असा असतो की ‘तुमचाच टेम्पो होता, माल आमच्या दारातून उचललात, म्हणजे विक्री इथेच झाली’. कायदा तसं मानत नाही. माल हलतो आहे, मग तो विकणाऱ्यानं हलवला की घेणाऱ्यानं याला महत्त्व नाही. घेणाऱ्याला देण्यासाठी मालाचा प्रवास जिथे संपतो ते पुरवठ्याचं ठिकाण. इथे ते मिरज आहे.

याचा फटका किती ते बघा. विकणाऱ्यानं हे बिल त्याच्या विवरणात असंच भरलं तर पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक दिसेल, आणि तुमच्या व्यापाऱ्याच्या टू-बीमध्ये ते ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या भागात येईल. विकणाऱ्याचं राज्य आणि पुरवठ्याचं ठिकाण एक, आणि घेणारा दुसऱ्या राज्यातला, असं असलं की पोर्टल क्रेडिट देत नाही. म्हणजे २२१ नाही, पूर्ण ५,९४८.४० रुपये गेले. कर्नाटकाचा एसजीएसटी महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याला कधीच वापरता येत नाही, आणि अशा बिलावरचा सीजीएसटीही त्याच्याबरोबर जातो.

आता या बिलावर विचारल्याशिवाय नोंद केली तर काय होतं? टॅलीत पार्टीचं राज्य कर्नाटक भरलेलं असतं. ऑपरेटर सवयीनं आयजीएसटीचं खातं उचलतो. रक्कम पैशापर्यंत तीच येते, कारण ९ अधिक ९ आणि १८ एकच. एकूण ५३,७९८ जुळलं, व्हाउचर सेव्ह झालं. कागदावरची चूक पुस्तकात आपोआप ‘दुरुस्त’ झाली आणि म्हणूनच ती लपली. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला टू-बी तयार होते तेव्हा आयजीएसटीच्या क्रेडिटमध्ये हे बिल सापडत नाही, मग पार्टीला फोन, मग ती म्हणते ‘आम्ही भरलंय’. दोघंही खरं बोलत असतात आणि महिना वाया जातो. नोंद करताना कर नेहमी कागदावर जसा छापलाय तसा वाचायचा. आपल्या मनानं सुधारायचा नाही.

अशा बिलाला वेळेचं बंधन असतं. मासिक विवरण भरणारा विक्रेता पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आपली विक्री चढवतो, तिमाहीवाला तिमाहीनंतरच्या १३ तारखेपर्यंत. तोपर्यंत त्याच्याशी बोलणं झालं तर दुरुस्ती सोपी असते. विक्रेत्याची उलाढाल ५ कोटींवर गेलेली असेल तर त्याला ई-इनव्हॉइस लागतं आणि बिलावर क्यूआर कोडाबरोबर ६४ अक्षरांचा आयआरएन छापलेला असतो. तो पोर्टलवर फक्त २४ तासांत रद्द करता येतो आणि रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. शिवाय त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आयआरएन रद्दच होत नाही. हे बिल करासह ५०,००० च्या वर आहे, म्हणजे ई-वे बिल असायलाच हवं. माल मिरजेत पोहोचून उतरल्यावर रद्द करण्याच्या मागे लागू नका. विक्रेत्यानं पूर्ण बिलाची क्रेडिट नोट द्यावी आणि नव्या नंबरनं आयजीएसटीचं बिल करावं, हा सरळ मार्ग. नवं बिल असं येईल: करपात्र ४७,८५०, त्यात २५,६५० वर १८ टक्के ४,६१७ आणि २२,२०० वर ५ टक्के १,११०, एकूण ५३,५७७. सुटीची चूकही त्यातच निघून जाते आणि व्यापाऱ्याला २२१ रुपये कमी द्यावे लागतात. दुकानदाराला क्रेडिट नोट वगैरे सांगण्यापेक्षा हा २२१ चा आकडा सांगा, तो लगेच बेळगावला फोन लावतो.

इथवरची सगळी तपासणी तुम्ही न विचारता केली. आता व्यापाऱ्याला निरोप पाठवायचा. लोक चिडतात ते विचारल्यामुळे नव्हे. ‘याचं काय करू?’ या प्रश्नानं सगळा विचार परत त्यांच्यावर येतो, गिऱ्हाईक समोर उभं असताना. त्याऐवजी जे सापडलं ते आधी सांगा, काय करणार आहात ते सांगा आणि ‘हो-नाही’त उत्तर येईल असा एकच प्रश्न ठेवा. वरच्या बिलासाठी निरोप असा जाईल:

‘अण्णा, बेळगावचं ५३,७९८ चं बिल बघितलं. बेरीज बरोबर आहे. पण त्यांनी कर्नाटकाचा लोकल कर लावलाय, आयजीएसटी हवा. असंच राहिलं तर ५,९४८ चं क्रेडिट मिळणार नाही. सूटपण कराच्या खाली धरलीय, नवीन बिल ५३,५७७ चं व्हायला पाहिजे. पार्टीला हा निरोप पुढे पाठवा. पैसे दिले नसतील तर तोवर थांबा. माल सगळा उतरला का?’

आणि ज्या बिलात काही चूक नाही त्यासाठी दोन ओळी पुरतात: ‘बिल बरोबर आहे, कर बरोबर आहे. खरेदीत घेतो. माल आला असेल तर हो म्हणा.’ यात नोंदीचा प्रश्न आणि माल मिळाल्याचा प्रश्न एकाच ‘हो’मध्ये सुटतो. माल मिळाला नसेल तर क्रेडिट घेता येत नाही, म्हणून हा प्रश्न नुसता शिष्टाचाराचा नाही. उत्तर आलं नाही तर? बिल टॅलीत टाका, पण ऑप्शनल व्हाउचर म्हणून. टॅली प्राइममध्ये व्हाउचर भरताना Ctrl+L दाबलं की ते ऑप्शनल होतं, पुस्तकात परिणाम होत नाही, पण कामही हरवत नाही. ‘हो’ आलं की ते नियमित करायचं. महिनाअखेरीला ऑप्शनलची यादी काढून उरलेल्या सगळ्यांबद्दल व्यापाऱ्याला एकदाच विचारायचं.

एक गोष्ट मात्र ‘हो’वर सोडू नका: माल कशासाठी घेतलाय. फोटोत सिमेंटची ५० पोती दिसतात, बिल दुकानाच्या नंबरवर आहे, कर १८ टक्के बरोबर लागलाय, सगळं चोख. पण ती पोती विकायला आणलीत, दुकानाची नवी भिंत बांधायला की विश्रामबागेतल्या घराच्या स्लॅबला? विकायला असतील तर क्रेडिट मिळेल. घरासाठी असतील तर खर्चही धंद्याचा नाही आणि क्रेडिटही नाही, रक्कम मालकाच्या उचल खात्यात जाईल. दुकानाच्या नव्या बांधकामाला असतील तर रक्कम इमारतीच्या खात्यात जाईल आणि क्रेडिट अडेल. तिन्ही वेळा कागद एकच. म्हणून व्यापारी रोज जो माल विकतो त्याच्या पलीकडचं काहीही बिलावर दिसलं, मग ते फ्रिज असो, मोबाइल असो की लोखंडी सळई, तर नोंदीआधी ‘हे दुकानात विकायला की वापरायला?’ एवढं विचाराच.

नोंद करताना फोटोमुळे होणाऱ्या दोन चुका सतत दिसतात. पहिली, एकच बिल दोन-तीनदा चढणं. माल आला त्या दिवशी फोटो येतो, महिनाअखेरीच्या गठ्ठ्यात पुन्हा येतो, आणि मग मूळ कागद ऑफिसात येतो. यावर उपाय एकच: विक्रेत्याचा बिल नंबर Supplier Invoice No. मध्ये जसा छापलाय तसाच भरायचा, तिरप्या रेघा आणि पुढच्या शून्यांसकट. एकानं ०४१२ भरलं आणि दुसऱ्यानं ४१२, की शोधताना पहिलं दिसत नाही आणि टू-बीशी जुळवणीतही ते वेगळं बिल ठरतं. भरण्याआधी त्या पार्टीचं खाते उघडून तीच रक्कम आहे का बघायला दहा सेकंद लागतात. दुसरी चूक तारखेची. फोटो ज्या दिवशी आला ती तारीख बिलाची म्हणून पडते. ३० मार्चचं बिल ४ एप्रिलला फोटोतून आलं आणि एप्रिलच्या तारखेनं चढलं, तर खरेदी एका वर्षातून दुसऱ्यात गेली आणि ३१ मार्चचा स्टॉक कशालाच जुळणार नाही.

बेळगावच्या विक्रेत्यानं दुरुस्तीला साफ नकार दिला तर? मग ते ५,९४८.४० इनपुटच्या खात्यात ठेवायचे नाहीत. ते मालाच्या किमतीत धरायचे, लॅटरलचा कर लॅटरलच्या खरेदीत आणि पाइपचा पाइपच्या, म्हणजे दुकानदाराला विक्रीचा दर ठरवताना खरी पडतळ दिसेल. सुटीचे १,२३० या मूळ बिलाच्या नोंदीत कराच्या खालीच वेगळ्या खात्यात दाखवा. वर घेतलेत तर करपात्र रक्कम ४७,८५० होईल आणि टू-बीत ४९,०८० असेल, म्हणजे नवाच फरक तयार होईल.

बिलावर पेनानं ‘रोख’ लिहिलेलं असेल आणि रक्कम मोठी असेल, तर नोंद करण्याआधी थांबा. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० च्या वर रोख दिले तर आयकरात तो खर्च धरला जात नाही, गाडीवाल्याला भाड्यापोटी ही मर्यादा ३५,००० आहे. बरेचदा ‘रोख’ म्हणजे नुसतं ‘उधार नाही’ एवढंच असतं आणि पैसे यूपीआयनं गेलेले असतात. बँकेचं स्टेटमेंट बघितल्याशिवाय रोकड वहीत टाकू नका. उलट, उधारीचं बिल असेल तर १८० दिवसांत पैसे न दिल्यास घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. म्हणून रोख की उधार ही माहिती नोंदीबरोबरच हवी.

व्यापाऱ्यांकडून निरोप टाइप करून घ्यायचा आग्रह धरू नका, तो टिकत नाही. त्यांच्या हातात पेन असतंच. फोटो काढण्याआधी बिलाच्या वरच्या कोऱ्या जागेत एक अक्षर लिहायला सांगा: तपासायचं असेल तर ‘त’, नोंद करायची असेल तर ‘न’, आणि पुढे ‘रोख’ किंवा ‘उधार’. अक्षर नसेल तर तुम्ही तपासून विचारणार, हे एकदा सांगून ठेवा. फोटो काढताना बिलाचे चारही कोपरे दिसू देत, क्यूआर कोडावर अंगठा नको, आणि पाठवताना गॅलरीतून नव्हे तर व्हॉट्सअ‍ॅपच्या Document मधून पाठवा, म्हणजे बारीक अक्षरं फुटत नाहीत. बिल दोन पानांचं असेल तर दोन्ही पानं हवीत. दुसऱ्या पानावर फक्त एकूण असतं म्हणून ते सोडतात आणि नेमकं राउंड ऑफ आणि गाडीभाडं तिथेच असतं. गाडीभाडं विक्रेत्यानं स्वतःच्या बिलात लावलेलं असेल तर त्यावरही मालाच्याच दरानं कर हवा, म्हणून ते पान तपासणीलाही लागतं.

मूळ कागद मात्र महिन्यातून एकदा गोळा करा. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात. थर्मल कागदावरची पेट्रोल पंपाची किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाची बिलं काही महिन्यांतच कोरी होतात. अशा बिलांची झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचणी लावा आणि झेरॉक्सवर टॅलीचा व्हाउचर नंबर लिहा.